हुबेहूब आहे, तरी नको का वाटतं?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून एक बातमी अधूनमधून येते. घरातलं माणूस गेलं आणि कुटुंबानं त्याचा सिलिकॉनचा पुतळा करून घेऊन दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसवला. केस, कपडे, हातावरच्या शिरा, सगळं जसंच्या तसं. घरच्यांना त्यातून धीर मिळतो आणि त्यांच्या त्या भावनेबद्दल बाहेरच्यानं बोलायचं काही कारण नाही. पण तोच फोटो मोबाइलवर पाहणारी परकी माणसं दोन तऱ्हेनं वागतात. कुणाला गहिवरून येतं, तर कुणी "बघवत नाही" म्हणून फोटो पटकन पुढे सरकवतं.

आता अशी कल्पना करा, की त्याच माणसाचा ब्राँझचा अर्धपुतळा गावच्या चौकात बसवला आहे. त्यात कातडीचा रंग नाही, बुबुळं नाहीत, केस म्हणजे धातूवरच्या चार लाटा. तो पाहून कुणी दचकणार नाही. म्हणजे साम्य कमी तिथे काही बिघडत नाही आणि साम्य वाढलं की मन बिचकतं. असं का होतं, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. मी ॲनिमेशनसाठी थ्रीडी पात्रं घडवतो, आणि "अगदी खऱ्यासारखं करा" ही मागणी मी जितक्या वेळा ऐकली, जवळजवळ तितक्याच वेळा ती मागणी पुरी केल्यावर "काहीतरी चुकतंय, पण काय ते सांगता येत नाही" हेही ऐकलं आहे.

## घाट चढताना मध्येच लागणारी दरी

या प्रकाराला नाव दिलं ते जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी, 1970 साली, एका छोट्या लेखात. त्यांचा शब्द होता 'बुकिमी नो तानी'. बुकिमी म्हणजे अंगावर काटा आणणारं, विचित्र. तानी म्हणजे दरी. जगभर तो 'अनकॅनी व्हॅली' म्हणून ओळखला जातो. आपण इथे नुसतं 'दरी' म्हणू.

मोरींचं म्हणणं घाटरस्त्यासारखं डोळ्यांसमोर आणता येतं. पायथ्याशी कारखान्यातला यांत्रिक हात आहे. तो माणसासारखा दिसत नाही आणि आपल्याला त्याच्याबद्दल काही वाटतही नाही. वर चढू लागलं की खेळण्यातला रोबो लागतो, त्याला दोन डोळे आणि दोन हात असतात, तो गोड वाटतो. जसजसं माणसाशी साम्य वाढतं तसतशी आपुलकी वाढत जाते. मग एका उंचीनंतर रस्ता अचानक खोल उतरतो. साम्य अजून वाढतंच आहे, पण आपुलकी नाहीशी होऊन तिची जागा शिसारीनं घेतली आहे. ही दरी ओलांडली की पलीकडच्या शिखरावर खरा, धडधाकट माणूस उभा असतो.

मोरींनी दिलेलं उदाहरण कृत्रिम हाताचं आहे. त्या काळीसुद्धा असे हात इतके सुधारले होते, की त्यावर शिरा, नखं, बोटांचे ठसे दिसत. दुरून तो हात खरा वाटायचा. पण हस्तांदोलन केलं की थंडगार, हाड नसल्यासारखी पकड हाताला लागे आणि त्याच क्षणी मनातली आपुलकी गळून पडे. लाकडी हात हातात घेतला असता तर हा धक्का बसला नसता, कारण लाकडाकडून ऊब मिळेल अशी अपेक्षाच नसते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या धंद्यात फार महत्त्वाची आहे. हालचाल आली की शिखरं आणखी उंच होतात आणि दरी आणखी खोल होते. स्थिर चित्रात खपून जाणारा चेहरा हलू लागला की पडतो.

## कणसूर

मग दोष साम्याचा आहे का? मला वाटतं, नाही. दोष विसंगतीचा आहे. गाणं ऐकणाऱ्यांना हे लगेच पटेल. तंबोरा लागला आहे, गायक गंधार लावतो आहे. गंधाराऐवजी त्यानं मध्यम लावला तर तो वेगळा स्वर झाला, कानाला त्रास नाही. पण गंधार किंचित उतरला, कणसूर झाला, की तोंड वाकडं होतं. चूक मध्यमापेक्षा लहान आहे, तरी ती जास्त खुपते, कारण कानानं गंधार धरलेला असतो आणि आता त्याच मापानं तो तपासत असतो.

चेहऱ्याच्या बाबतीत आपण सगळेच तयार कानाचे श्रोते आहोत. जन्मल्यापासून आपण चेहरे वाचत आलो आहोत. दोन ठिपके आणि एक रेघ काढली की आपला मेंदू "चित्र" म्हणतो आणि चित्राच्या मापानं सगळं माफ करतो. कातडीवर रंध्रं दिसली, डोळ्यांत ओल दिसली, की तो "माणूस" म्हणतो आणि माणसाची पट्टी बाहेर काढतो. त्या पट्टीवर पापणी थोडी उशिरा मिटणं हीसुद्धा चूक ठरते.

याचा एक सुंदर पुरावा 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या आयशे सायगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना तीन प्रकारच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली मोजल्या. एका चित्रफितीत खरी स्त्री होती. दुसरीत तिच्यासारखा दिसणारा, ओसाका विद्यापीठात तयार झालेला यंत्रमानव होता. तिसरीत तोच यंत्रमानव, पण वरची कातडी काढून आतलं धातू आणि तारा उघड्या ठेवलेला. खरी स्त्री माणसासारखी दिसत होती आणि माणसासारखी हलत होती. उघडा यंत्रमानव यंत्रासारखा दिसत होता, यंत्रासारखा हलत होता. मेंदूचा सगळ्यात वेगळा प्रतिसाद उमटला तो मधल्याला, जो माणसासारखा दिसत होता आणि यंत्रासारखा हलत होता. त्याची हालचाल तिसऱ्याइतकीच ताठर होती, कारण यंत्र तेच होतं. अंगावर कातडी चढली म्हणून ती हालचाल मेंदूला खुपली.

आमच्या कामाचं अर्धं सूत्र या प्रयोगात आहे. हालचाल सुधारता येत नसेल, तर कातडी उतरवा.

## नेमकं कुठे फसतं

प्रेक्षकाला "काय चुकतंय" ते सांगता येत नाही, पण चूक बहुधा दोन-तीन ठिकाणीच सापडते. त्यांतलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे डोळे.

आरशात बघून नजर हळूहळू खाली न्या. वरची पापणी बुबुळासोबत खाली येते. पात्र घडवताना हे विसरलं, तर खाली पाहताना बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागतं आणि चेहरा भेदरलेला वाटतो. दुसरं, जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे किंचित एकमेकांकडे वळतात. समोरच्याशी बोलणाऱ्या पात्राचे डोळे समांतरच राहिले, तर ते आपल्याकडे न पाहता आपल्या आरपार मागच्या भिंतीकडे पाहतंय असं वाटतं. लोक ज्याला "मेलेले डोळे" म्हणतात, त्यात पुष्कळदा एवढंच असतं. तिसरं, जिवंत नजर कधी स्थिर नसते. ती सेकंदाला तीन-चार बारीक उड्या मारत असते. ती एकाच बिंदूवर खिळली की पात्र पुतळा होतं आणि ती संथपणे सरकत राहिली की सुरक्षा कॅमेरा होतो.

कातडीची गंमत वेगळी आहे. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरला की बोटं लाल उजळतात. प्रकाश कातडीवर आपटून परत येतो तसा थोडा आत शिरून, रक्तामांसात पसरून बाहेरही येतो. संगणकावर हे बरोबर केलं नाही तर चेहरा प्लास्टिकचा किंवा प्रेताचा दिसतो. पुतळे मेणाचे करतात त्याचं हेही एक कारण, मेणातही प्रकाश थोडा शिरतो. पण मेण सगळीकडे सारखं असतं. खऱ्या चेहऱ्यावर नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या तांबूस असतात, डोळ्यांखाली निळसर छटा असते आणि बोलताना हे रंग बदलतात.

तोंडाबद्दल एकच सांगतो. खरं हसू आलं की डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो, गाल वर चढतात, खालची पापणी फुगते. नुसते ओठ ताणले तर ते हसू न राहता दात दाखवणं होतं.

## एकाच आठवड्यातले दोन सिनेमे

नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत पाच दिवसांच्या अंतरानं दोन मोठे ॲनिमेशनपट आले. 'द पोलर एक्स्प्रेस'मध्ये नटांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर खुणा चिकटवून त्यांची हालचाल संगणकात उतरवली होती आणि पात्रं शक्य तितकी खऱ्या माणसांसारखी केली होती. टीकाकारांनी पुन्हा पुन्हा बोट ठेवलं ते त्या मुलांच्या निर्जीव डोळ्यांवर. चेहऱ्यावर खुणा चिकटवता येतात, बुबुळावर नाही. 'द इन्क्रेडिबल्स'मध्ये मात्र बापाची छाती दारात मावणार नाही एवढी, आईची कंबर वीतभर, डोळे मोठाले. एकही माणूस खऱ्या मापाचा नाही, आणि तरी त्या कुटुंबातलं भांडण आपल्याच घरातलं वाटतं.

दुसरा सिनेमा करणाऱ्या पिक्सारनं हा धडा आधीच घेतला होता. 1988 सालच्या त्यांच्या 'टिन टॉय' या लघुपटात एक बाळ होतं. पत्र्याचं खेळणं छान जमलं, बाळ मात्र पाहवत नाही असं झालं. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट खेळण्यांवर होता, माणसं त्यात कडेला होती. त्या वेळचं तंत्र प्लास्टिक उत्तम दाखवत असे, म्हणून त्यांनी प्लास्टिकचीच गोष्ट निवडली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

## ओळख पटणं वेगळं, खरं वाटणं वेगळं

इथे बहुतेक लोक अडतात. "पात्र सोपं केलं तर ते त्या माणसासारखं दिसणार कसं?" या शंकेमागचं गृहीतच चुकीचं आहे. साम्य आणि वास्तवता या एकाच मोजपट्टीवरच्या गोष्टी नाहीत.

मराठीत कॅरिकेचरला 'अर्कचित्र' असा नेमका शब्द आहे. माणसाचा अर्क काढायचा, बाकीचं पाणी टाकून द्यायचं. व्यंगचित्रकार चार रेघांत नेता उभा करतो आणि आपण तो अर्ध्या सेकंदात ओळखतो. रंध्रं नाहीत, रंग नाही, प्रमाण तर मुद्दाम बिघडवलेलं. आपण माणूस ओळखतो तो इतरांपेक्षा तो जिथे वेगळा आहे तिथून, आणि अर्कचित्र तेवढंच मोठं करून दाखवतं. उलट बाजूनं, हजारो रंध्रं हाती कोरलेला चेहरा नाक आणि ओठ यांतलं अंतर चुकल्यामुळे "दुसऱ्याच कुणाचा" वाटू शकतो.

म्हणजे पात्राच्या दोन दोऱ्या आपल्या हातात असतात. ओळखीची दोरी ताणून धरायची आणि वास्तवतेची दोरी झेपेल तेवढी सैल सोडायची.

ब्राँझचा पुतळा हेच करतो. चेहऱ्याची मापं नेमकी, पण सगळं एकाच रंगात, एकाच धातूत. "मी कातडी आहे" असा दावा तो करत नाही. त्याच पुतळ्याला गुलाबी रंग देऊन काचेचे डोळे बसवले, तर मापांत एक सुताचाही फरक न करता तो भीतिदायक होईल.

## आजींची गोष्ट

आता एक काम तपशिलानं सांगतो. लहान मुलांसाठी गोष्टींचे तीन-तीन मिनिटांचे बारा भाग करायचे होते. गोष्टी सांगणार होत्या एक निवृत्त शिक्षिका, वय पंचाहत्तरच्या पुढचं. आवाज त्यांचाच, आणि पडद्यावर त्यांच्यासारखी दिसणारी थ्रीडी आजी. मागणी अर्थातच हुबेहूबची होती.

पहिल्या खेपेला आम्ही त्यांना खुर्चीत बसवून सगळ्या बाजूंनी नव्वदएक फोटो काढले, त्यांवरून चेहऱ्याचं थ्रीडी रूप तयार केलं आणि कातडीचा पोत फोटोंतूनच घेतला. स्थिर चित्र पाहून सगळे खूश झाले. मग आजी बोलू लागल्या. खोलीत शांतता पसरली. निर्मात्यांची धाकटी मुलगी तिथे होती, तिनं आईला विचारलं, "ह्या आजी झोपेत बोलतायत का?"

तिच्या प्रश्नात निदान जवळजवळ होतं, पण खात्री करायची असते. त्यासाठी मी एकेक वाट बंद करून पाहतो. आधी चित्र थांबवलं. थांबलेली आजी चांगली दिसत होती, म्हणजे गडबड हालचालीत. मग आवाज बंद करून चालवलं. थोडं बरं वाटलं, पण थोडंच. मग पडद्यावर पुठ्ठ्याची पट्टी धरून तोंड झाकलं. अस्वस्थता तशीच. तीच पट्टी वर सरकवून डोळे झाकले, आणि खाली उरलेलं बोलणारं तोंड एकदम सुसह्य वाटलं. म्हणजे डोळे. शेवटी कातडीचा पोत काढून सगळा चेहरा मातीसारखा एकरंगी राखाडी केला आणि तीच हालचाल पुन्हा चालवली. आता तर डोळेसुद्धा खुपत नव्हते. ही शेवटची कसोटी सगळ्यात बोलकी आहे. हालचाल वाईट नव्हती, ती त्या कातडीला शोभत नव्हती.

आता दोन रस्ते होते. हालचाल कातडीच्या पातळीला चढवायची किंवा कातडी हालचालीच्या पातळीला उतरवायची. पहिल्यासाठी प्रत्येक नजर, प्रत्येक पापणी हातानं घडवावी लागली असती. छत्तीस मिनिटांच्या मजकुराला चार माणसांच्या गटाकडून ते होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही चूक केली. चेहरा तसाच ठेवून डोळे तेवढे मोठे केले, कारण कार्टूनचे डोळे मोठे असतात. परिणाम पहिल्यापेक्षा भयंकर झाला. असं होणार हे खरं तर आधीच माहीत असायला हवं होतं. सेयामा आणि नागायामा या जपानी संशोधकांनी 2007 मध्ये बाहुलीपासून खऱ्या माणसापर्यंत टप्प्याटप्प्यानं बदलत जाणारे चेहरे लोकांना दाखवले होते. डोळे दीडपट केल्यावर बाहुलीचा चेहरा फारसा बिघडला नाही, चेहरा खऱ्याच्या जितका जवळ तितका मात्र तो जास्त नकोसा वाटला. एकच अवयव उतरवून भागत नाही, सगळा चेहरा एकत्र उतरवावा लागतो.

तिसऱ्या खेपेला तेच केलं. रंध्रं आणि डाग पूर्ण काढले. सुरकुत्या मात्र काढल्या नाहीत, कारण आजींची ओळख त्यांत होती. फक्त शेकडो बारीक रेषांऐवजी सात ठळक घड्या ठेवल्या, लाकडात कोरल्यासारख्या: कपाळावर तीन, डोळ्यांच्या कोपऱ्यात एकेक, गालांवर एकेक. नाक त्यांचं सरळ, लांब आणि टोकाला किंचित वळलेलं, ते मूळच्यापेक्षा थोडं जास्तच लांब केलं. डोळे सुमारे सव्वापट, आणि बुबुळांत खऱ्या डोळ्यांसारखे बारीक धागे न ठेवता एक गडद तपकिरी गोल. केस म्हणजे एकेक तंतू न करता अंबाड्याचा एक घट्ट गोळा आणि त्यावर चार रेघा. नऊवारीलासुद्धा कापडाचा बारीक पोत दिला नाही, जाड पडदा असावा तशा मोठ्या घड्या दिल्या.

मग हालचाल. सेकंदाला चोवीस चित्रं असतात, आम्ही पोझ दर दोन चित्रांनी एकदाच बदलली, म्हणजे सेकंदाला बारा वेळा. त्यामुळे हालचालीला कळसूत्री बाहुलीसारखा किंचित ठेका आला. कोरीव घड्यांच्या चेहऱ्याला तो ठेका शोभला. नजरेच्या बारीक उड्या सोडून दिल्या आणि नजर बदलताना दर वेळी एक स्वच्छ उघडझाप घातली.

शिवाय चष्मा होता. आजी जाड चौकटीचा चष्मा वापरतात, तो आम्ही आणखी जाड केला. चौकटीमुळे वरच्या पापणीचा अर्धा हिशोब झाकला गेला. मोरींनी आपल्या लेखात चष्म्याचंच उदाहरण दिलं आहे: चष्मा डोळ्याची नक्कल करत नाही, तरी चेहरा खुलवतो. त्यांचा सल्लाही तोच होता, की दरीपलीकडच्या शिखराचा हट्ट न धरता अलीकडच्या शिखरावर थांबावं.

## "पण काही खरे दिसणारे डिजिटल चेहरे तर छान जमतात!"

जमतात. 2008 साली एका हॉलिवूडपटात ब्रॅड पिटचा म्हातारा चेहरा संगणकावर घडवून दुसऱ्या नटांच्या धडावर बसवला होता. तो इतका जमला, की दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. दरी ओलांडता येते. पण ती ओलांडायला मोठी तज्ज्ञ फौज, वर्षांचा वेळ आणि मोजक्या शॉट्सवर केंद्रित केलेली मेहनत लागते. दरीत अर्ध्यावर थांबायची सोय नसते. नव्वद टक्के काम झालं म्हणून नव्वद टक्के परिणाम मिळत नाही, उलट सगळ्यात खोल जागा तिथेच असते.

ज्यांच्याकडे पैसा असतो तेही प्रसंगी मागे फिरतात. एप्रिल 2019 मध्ये 'सॉनिक' या व्हिडिओ गेममधल्या पात्रावरच्या चित्रपटाचा ट्रेलर आला. त्यात त्या निळ्या हेजहॉगला माणसासारखे दात, लहान, एकमेकांपासून सुटे डोळे आणि माणसाच्या प्रमाणातलं अंग दिलं होतं. लोक इतके वैतागले, की दिग्दर्शकानं काही दिवसांतच रूप बदलण्याचं जाहीर केलं आणि चित्रपट नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर गेला. नव्या रूपात डोळे मोठे आणि गेमसारखे जवळ आले, दात मवाळ झाले, हातमोजे परत आले. दुरुस्तीची दिशा पाहा: ते पुढच्या शिखराकडे गेले नाहीत, मागे उतरले. अंगावरचे केस मात्र खऱ्यासारखेच राहिले, म्हणजे सगळंच सपाट करावं लागतं असंही नाही. चेहऱ्याचा आराखडा कार्टूनचा असेल तर केसांचा पोत खपतो. आराखडा माणसाचा असेल तर काहीच खपत नाही.

## "सवयीनं जात नाही का हे?"

थोडं जातं. तोच चेहरा रोज पाहिला की धार कमी होते. घरात ठेवलेला सिलिकॉनचा पुतळा घरच्यांना खुपत नाही, त्याचं हेही एक कारण असावं. ते त्या चेहऱ्यात आठवण पाहतात, परका माणूस तपासणी करतो. शिवाय मोरींचा आलेख निरीक्षणावरून काढलेला होता, मोजमापावरून नव्हे. पुढच्या प्रयोगांत तो दर वेळी तसाच उमटलेला नाही. दरी किती खोल, हे माणसागणिक आणि चेहऱ्यागणिक बदलतं. पण पाहणारा तुमचं पात्र पहिल्यांदाच पाहत असतो, तेव्हा त्याच्या सवयीवर विसंबून राहता येत नाही.

## "सोपं केलं तर भावना कमी होतील ना?"

या शंकेला माझ्याकडे गणपतीपेक्षा चांगलं उत्तर नाही. हत्तीचं तोंड, माणसाचं धड, चार हात. खऱ्याशी जुळवायचं म्हटलं तर काहीच जुळत नाही, आणि तरी घरातली लहान मुलं त्या मूर्तीशी बोलतात. पेणच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीचं काम हात बसलेल्या कारागिरांकडेच असतं. ते काचेचा ओला डोळा बसवत नाहीत, कुंचल्यानं दोन-तीन वळणदार रेषा काढतात आणि त्या रेषांमधून मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. सगळी मूर्ती त्याच पातळीवर घडलेली असते: सोंड गुळगुळीत, पोट गोल, दागिने ठसठशीत. एकाच सुरात सगळं. उद्या कुणी त्या सोंडेवर खऱ्या हत्तीच्या भेगा आणि राठ केस बसवले, तर ते काम कितीही कौशल्याचं असलं तरी मूर्तीसमोर हात जोडताना मन अडखळेल.

आमच्या आजींची खरी परीक्षा नवव्या भागात होती. गोष्ट हरवलेल्या वासराची होती आणि ती सांगता सांगता मूळ आवाज भरून आला होता. ध्वनिमुद्रणात तो हुंदका इतका खरा होता, की आमच्या सात घड्यांच्या चेहऱ्याला तो पेलणार नव्हता. रडताना नाकपुड्या थरथरतात, हनुवटीवर खळगे पडतात, पापण्यांच्या कडा लाल होतात, यातलं काहीच आमच्याकडे उरलेलं नव्हतं. आवाज वरच्या पायरीवर आणि चेहरा खालच्या, अशी ती कणसूर जागा झाली असती. आम्ही दोन दिवस एक अश्रू करून पाहिला. काचेच्या मण्यासारखा तो गालावरून घरंगळला आणि सगळं खोटं करून गेला.

शेवटी त्या वाक्याला आजी पाठमोऱ्या झाल्या. चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. पडद्यावर अंबाडा, झुकलेले खांदे आणि पदर धरलेला हात, एवढंच दिसतं. हुंदका जसाच्या तसा ठेवला. बाई स्वतः तो भाग पाहायला आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, मी चष्मा असा दोनदा पुसते हे तुम्हाला कुणी सांगितलं?